दुभाष्यांना डेकसोबत काय पाठवायचं?

प्रश्न: लसींच्या शीतसाखळीवर परिचारिका आणि आरोग्यसेविकांसाठी आम्ही प्रशिक्षण ठेवलं आहे. पाहुण्या तज्ज्ञ बाई इंग्रजीतून बोलणार, चाळीस मिनिटं, ४६ स्लाइड. दोन दुभाषी बूथमधून थेट मराठी करणार. त्यांच्यासाठी ब्रीफिंग तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. मी सगळ्या स्लाइडचं भाषांतर करायला घेतलं आणि शब्दकोशातून दोनशे शब्दांची यादीही काढली. आमचे वरिष्ठ म्हणतात, दुभाषी अनुभवी आहेत, डेक पाठवला की झालं. वक्त्या म्हणतात, शेवटच्या दिवसापर्यंत बदल होतील, आत्ता पाठवू नका. मी कुणाचं ऐकू? आणि ब्रीफिंगमध्ये नेमकं काय असावं?
— एक संयोजिका

उत्तर:

आधी भाषांतर थांबवा. त्यात तुमचा बराच वेळ जाईल आणि बूथमध्ये त्याचा उपयोग फार थोडा होईल. दुभाषी पडद्यावरचं नाही, बाई जे बोलतील ते मराठीत सांगणार आहेत. सरावलेला वक्ता स्लाइड वाचून दाखवत नाही. पडद्यावर चार मुद्दे असतात, बोलणं तिसऱ्यापासून सुरू होतं, मध्येच एखादा अनुभव येतो आणि चौथा मुद्दा ‘हे तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून सुटतो. त्या क्षणी दुभाष्याच्या कानात इंग्रजी चालू असतं आणि तोंडून दोन-तीन सेकंद मागचं मराठी. समोर पूर्ण भाषांतर ठेवलं तर डोळे त्यात ओळ शोधत राहतात, आणि ती ओळ सापडेपर्यंत बाई पुढे गेलेल्या असतात.

तुमच्या वरिष्ठांचं अर्धं बरोबर आहे. अनुभवी दुभाष्याला भाषा शिकवावी लागत नाही, वेग सांभाळणं शिकवावं लागत नाही. पण कोणती स्लाइड गाळली जाणार, कोणत्या वाक्यात सगळं भाषण सामावलंय, समोर बसलेल्या परिचारिका कोणत्या वस्तूला काय म्हणतात, हे अनुभवातून कळत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. ब्रीफिंग म्हणजे तेवढंच: डेक पाहून जे कळत नाही ते. तीन-चार पानांत ते बसतं.

त्यातलं बरंचसं वक्त्यांकडून मिळवायचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. त्यांच्याकडून वीस मिनिटं मागा, शक्य असेल तर दुभाष्यांनाही त्या कॉलवर घ्या. पहिला प्रश्न वेळेचा. ४६ स्लाइड चाळीस मिनिटांत म्हणजे एका स्लाइडला बावन्न सेकंद. तेवढ्यात सगळ्या होणार नाहीत, हे त्यांनाही माहीत असतं. फक्त कोणत्या जाणार ते त्यांनी अजून ठरवलेलं नसतं. ‘वेळ कमी पडला तर कोणत्या सोडाल?’ असं सरळ विचारा आणि त्या स्लाइडवर खूण करा. दुभाष्याने सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली स्लाइडच गाळली गेली, तर ती मेहनत दुसरीकडे कामी आली असती. दुसरा प्रश्न: ‘कोणतं एक वाक्य हरवलं तर तुमचं बोलणं फुकट जाईल?’ तिसरा: स्लाइडवर नसलेलं काय बोलणार आहात, एखादा किस्सा, कुणाचं वचन, एखादी आकडेवारी? वेगाचं बोलणंही याच कॉलवर करून घ्या. मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्दांपर्यंत दुभाष्याला नीट साथ देता येते. लिहिलेलं वाचायला लागलं की माणसाचा वेग वाढतो आणि वाक्यं दाट होतात. म्हणून बाई काही भाग वाचून दाखवणार असतील तर तो मजकूर दुभाष्यांकडे आधी गेलाच पाहिजे.

आता प्रवाह. इथे बहुतेक जण अनुक्रमणिका लिहितात: प्रस्तावना, साठवण, वाहतूक, प्रश्नोत्तरं. ती डेकमध्ये असतेच. दुभाष्याला हवा असतो युक्तिवाद, म्हणजे बाई कुठून निघून कुठे पोचणार आहेत. प्रत्येक भागाला दोन-तीन वाक्यं पुरतात. तुमच्या विषयात ती अशी होतील: ‘स्लाइड १ ते ९: सगळ्यांना उष्णतेची भीती वाटते, पण काही लसी गोठल्यानेही निकामी होतात, हे पटवून देणं. स्लाइड १० ते २१: उष्णता लागल्याचं कुपीवरच्या खुणेवरून कळतं, गोठल्याचं त्या खुणेवरून कळत नाही. स्लाइड २२ ते ३३: मग गोठलेली कुपी ओळखायची कशी.’ हे वाचलेल्या दुभाष्याला सतराव्या स्लाइडवर बाई एखादं वाक्य अर्धवट सोडून पुढे गेल्या तरी ते कुठे जाणार होतं याचा अंदाज येतो. इंग्रजी आणि मराठी वाक्यरचना उलट्या आहेत, मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्याची दिशा आधी माहीत असणं इथे फार कामाचं आहे.

प्रवाहातच एक रेघ मारा: दुभाषी कुठे बदलतील. थेट दुभाषणात दोघं जण साधारण वीस ते तीस मिनिटांनी आळीपाळीने बोलतात. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत, म्हणजे बदल मध्यावर येणार, आणि नेमक्या त्याच सुमाराला सगळ्यात अवघड भाग चालू असेल. बदल कधी करायचा ते दुभाषी आपसांत ठरवतील, तो त्यांचा अधिकार. पण ‘एकविसाव्या स्लाइडनंतर विषय बदलतो, इथे श्वास घ्यायला जागा आहे’ एवढं तुम्ही लिहिलंत तर त्यांचं काम सोपं होतं. ब्रीफिंग दोघांनाही पाठवा. एकालाच पाठवून ‘तुम्ही सहकाऱ्याला सांगा’ म्हणणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत, आणि मग दुसऱ्याला ते कार्यक्रमाच्या सकाळी कळतं.

शब्दांच्या यादीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे कष्ट तिथे चुकीच्या दिशेला गेलेत असं मला वाटतं. दोनशे शब्द जास्त आहेत, पण खरी अडचण संख्येची नाही, शब्दकोशाची आहे. शब्दकोशातला शब्द बरोबर असूनही सभागृहात चुकीचा ठरू शकतो. लसी ठेवायचा तो खास फ्रिज समोरच्या प्रत्येक बाईसाठी ‘आयएलआर’ आहे. त्याला कुणी ‘बर्फ-अस्तरित शीतकपाट’ म्हटलं तर हेडफोन लावलेल्या परिचारिका एकमेकींकडे बघतील, आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निसटतील. उष्णता लागल्याचं दाखवणारी कुपीवरची खूण म्हणजे ‘व्हीव्हीएम’, तिचंही तसंच. ‘कुपी’ की ‘व्हायल’, ‘शीतसाखळी’ की ‘कोल्ड चेन’, हे शब्दकोश सांगणार नाही. या बायका रोज ज्या नोंदवह्या भरतात, भिंतीवरची जी पत्रकं वाचतात, मागच्या प्रशिक्षणात जी पुस्तिका मिळाली होती, ती गोळा करा. यादी त्यांतून काढा आणि दोन परिचारिकांना फोनवर वाचून दाखवा. त्या जिथे अडखळतील तो शब्द बदला. हे तासाभराचं काम आहे आणि दोनशे शब्दांच्या यादीपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

मग यादीत चाळीसेक शब्द उरतील. ते वर्णानुक्रमे लावू नका, डेकमध्ये ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लावा आणि शेजारी स्लाइडचा आकडा द्या. रकाने चार: स्लाइड, इंग्रजी शब्द, ऐकणाऱ्यांचा शब्द, आणि शेरा. शेऱ्यात फक्त गरज असेल तिथेच लिहायचं: ‘भाषांतर करू नये’, ‘इथे याचा अर्थ वेगळा’, ‘बाई याचं संक्षिप्त रूप वापरतात’. यादी एक्सेलमध्ये पाठवा, पीडीएफमध्ये नको. दुभाषी ती स्वतःच्या पद्धतीने लावून घेतात, आपले शब्द घालतात, माहीत असलेले काढून टाकतात. माणसांची, संस्थांची नावं वेगळ्या छोट्या यादीत, उच्चार देवनागरीत लिहून द्या. स्वागताच्या दोन मिनिटांत सगळ्यात जास्त अडखळणं तिथेच होतं.

आता अवघड स्लाइड. ब्रीफिंगमधला सगळ्यात मोलाचा भाग हा, आणि तो डेक नुसता चाळून सापडत नाही. प्रत्येक स्लाइड पाहताना स्वतःला विचारा: पडदा न बघता, फक्त आवाज ऐकून हे कळेल का? आणि ऐकणाऱ्याचा अंदाज उलटा जाऊ शकेल का? तुमचा डेक मी पाहिलेला नाही, पण या विषयात काही स्लाइड जवळपास ठरलेल्या असतात. त्यातली एक नीट उलगडून दाखवते.

कुपी कधीकाळी गोठली होती का, हे ओळखायला शेक टेस्ट करतात. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी यांसारख्या लसींसाठी. संशय असलेली कुपी घ्यायची. तीच लस, त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची दुसरी कुपी घेऊन ती मुद्दाम पूर्ण गोठवायची आणि मग वितळू द्यायची. दोन्ही एकत्र हलवायच्या, सपाट जागी ठेवायच्या आणि गाळ कोणत्या वेगाने खाली बसतो ते बघायचं. संशयित कुपीत गाळ दुसरीइतक्याच किंवा जास्त वेगाने बसला तर ती गोठलेली होती, टाकून द्यायची. हळू बसला तर वापरता येते.

इंग्रजीत मुद्दाम गोठवलेल्या कुपीला ‘कंट्रोल’ म्हणतात. एरवी ‘कंट्रोल’ म्हटलं की डोक्यात काय येतं? ज्याच्याशी तुलना करायची ते प्रमाण, म्हणजे चांगलं, बिघाड नसलेलं. इथे कंट्रोल हीच खराब कुपी आहे. विषय नवा असलेला दुभाषी कितीही हुशार असला तरी घाईत ‘कंट्रोल’ला ‘चांगली कुपी’ म्हणून जाऊ शकतो, आणि मग पुढचा सगळा निष्कर्ष उलटा होतो: ‘चांगल्या कुपीसारखी वागली तर टाका.’ वाक्य व्याकरणात बरोबर, ऐकायला सरळ, आणि अर्थ घातक. ही चूक त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बाईंना मराठी कळत नाही आणि परिचारिकांना इंग्रजी ऐकू येत नाही.

म्हणून ब्रीफिंगमध्ये ती नोंद अशी असावी:

‘स्लाइड २७, शेक टेस्ट. कंट्रोल = मुद्दाम गोठवलेली, म्हणजे खराब कुपी. मराठीत दोन्ही वेळा “गोठवलेली कुपी” आणि “तपासायची कुपी” असंच म्हणावं, कंट्रोल आणि टेस्ट हे शब्द टाळावेत. निष्कर्ष: तपासायची कुपी गोठवलेलीसारखी वागली तर टाकायची. व्हिडिओ आहे, त्यात इंग्रजी निवेदन आहे, संहिता सोबत जोडली आहे.’

नोंदीत काय आहे ते बघा. सापळा कोणता, कोणते शब्द वापरायचे, अंतिम अर्थ काय आणि सोबत काय जोडलंय. भाषांतर नाही, स्पष्टीकरणाचा पसाराही नाही. दुभाष्याला हे एका नजरेत घेता येतं.

व्हिडिओचं मात्र वेगळं पाहावं लागतं. त्यातला निवेदक संपादित, न थांबता बोलतो, आणि कुठल्याही वक्त्यापेक्षा वेगात. संहिता आधी नसेल तर ते दुभाषण तुटक होणारच. शिवाय व्हिडिओचा आवाज बूथमध्ये थेट जातोय का, हे ध्वनिव्यवस्थेच्या माणसाकडून आधी तपासून घ्या. सभागृहातल्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येतंय म्हणजे दुभाष्याच्या हेडफोनमध्येही येतंय, असं नसतं.

दुसरी ठरलेली स्लाइड व्हीव्हीएमची, म्हणजे कुपीवरच्या त्या गोल-चौकोनाची. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते. रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की टाकायची. स्लाइडवर चार चित्रं असतात आणि वक्ते बोटाने दाखवतात: ‘ही चालेल, ही चालेल, ही नाही.’ आवाजात माहिती काहीच नाही, आणि बूथमधून लेझरचा ठिपका दिसेलच असं नाही. नोंदीत चित्रं डावीकडून उजवीकडे सांगा: पहिली दोन वापरायची, तिसरी-चौथी टाकायची. बाईंनाही कॉलवर सांगा की ‘ही’ ऐवजी ‘पहिली’, ‘तिसरी’ म्हणा. बहुतेक वक्ते आनंदाने ऐकतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरा प्रकार अटींचा. उघडलेली बहुमात्रा कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते, पण त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणात अटी आहेत आणि त्या सगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात. ‘सगळ्या’ हा शब्द स्लाइडच्या शीर्षकात एकदा येतो, बोलताना सुटतो आणि ऐकणारीला वाटतं यातली कुठलीही एक पुरे. मघाशी मी भाषांतर थांबवा म्हटलं, त्याला अपवाद इथे आहे. ज्या मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर नियम बदलतो, अशा तीन-चार स्लाइडचं नेमकं मराठी द्या. सरकारी अधिकृत मराठी मजकूर आधीच असेल तर तोच जोडा, नवा करू नका.

आकड्यांचं थोडक्यात. दुभाषणात आकडे सगळ्यात आधी गळतात, कारण त्यांचा अंदाज संदर्भावरून बांधता येत नाही. मात्रेच्या तक्त्यात ०.५ मिली आणि बाळाच्या बीसीजीची ०.०५ मिली शेजारी-शेजारी असतात, आणि इंग्रजीत घाईत म्हटलं तर फरक एका ‘झिरो’चा. असे आकडे एककासकट मोठ्या अक्षरात एका वेगळ्या पानावर काढा, स्लाइडच्या क्रमाने. मोठ्या संख्या मराठीत आधीच बदलून ठेवा: तीस मिलियन डोस म्हणजे तीन कोटी. हा हिशेब बूथमध्ये करायला लावू नका.

राहिला वक्त्यांचा आग्रह, की डेक बदलणार आहे म्हणून पाठवू नका. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण कच्चा डेकसुद्धा पाच-सात दिवस आधी मिळाला तर दुभाषी विषय वाचून घेतात, आणि तयारीचा मोठा भाग तोच असतो. मजकूर गोपनीय असेल तर लेखी हमी घ्या. तशी ही या व्यवसायाची पहिली शिस्त आहे; परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना एआयआयसी १९५३ पासून आहे आणि तिच्या आचारसंहितेत गुप्तता बंधनकारक आहे. बदल सांभाळायची युक्ती अशी: पहिला डेक पाठवला की स्लाइडचे आकडे गोठवा. मध्ये नवी स्लाइड आली तर ती १४-अ. एखादी काढली तर तिचा आकडा रिकामा राहील, मागचे सरकणार नाहीत. कारण दुभाष्यांच्या सगळ्या खुणा, यादी, नोंदी आकड्यांना बांधलेल्या असतात. पॉवरपॉइंट आपोआप टाकतो ते आकडे बंद करून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात हाताने आकडा लिहावा लागेल. तेवढा त्रास घ्या. बदल झाले की अख्खा डेक पुन्हा पाठवून ‘नवीन आवृत्ती जोडली आहे’ एवढंच लिहू नका. कोणती स्लाइड, काय बदललं, हे दोन ओळींत लिहा. आदल्या संध्याकाळी सहानंतरचे बदल ईमेलने नको, छापून हातात द्या.

डेक पाठवताना मूळ फाइल पाठवा. पीडीएफमध्ये एकावर एक येणारी चित्रं चिकटून जातात, व्हिडिओ चालत नाही, आणि वक्त्यांनी स्लाइडखाली लिहिलेल्या टिपा सहसा गळतात. त्या टिपांत बऱ्याचदा खरं भाषण असतं. लपवलेल्या स्लाइड असतील तर तसं लिहा, नाहीतर दुभाषी त्यांचीही तयारी करत बसतील.

कार्यक्रमाच्या दिवशी बाईंनी स्लाइड गाळल्या तर बूथला ते आवाजाआधी कळायला हवं. दुभाष्यांना पडदा स्पष्ट दिसतोय ना ते सकाळी बूथमध्ये स्वतः बसून बघा. प्रश्नोत्तरांची तयारी ब्रीफिंगने पूर्ण होत नाही. तरी परिचारिका नेहमी विचारतात असे सात-आठ प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून द्या, ‘लाइट गेल्यावर आयएलआर किती वेळ उघडायचा नाही?’ या धर्तीचे. इथे दिशा उलटी असते, मराठीतून इंग्रजीत, आणि विचारणारी माईक दूर धरून वेगाने बोलते. प्रश्न माईकशिवाय घेतला जाणार नाही, हे सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा. बूथमध्ये माईकशिवायचा आवाज पोचतच नाही.

तुमची दोनशे शब्दांची यादी फेकू नका. त्यातून चाळीस निवडा, परिचारिकांना फोन करा, आणि आज वक्त्यांना एवढंच कळवा की कच्चा डेक चालेल, आकडे गोठवणार आहोत, आणि वीस मिनिटांचा कॉल हवा आहे. कार्यक्रम झाला की दुभाष्यांकडून त्यांनी दुरुस्त केलेली यादी मागून घ्या. याच विषयाचं पुढचं प्रशिक्षण कुणीही ठेवलं तरी ती उपयोगी पडेल.